एका स्लाइडवर अख्खा ताल, की एका स्लाइडवर एक मात्रा?

नागपूरच्या प्रतापनगरात हार्मोनियम आणि गायनाचा छोटा क्लास चालवणाऱ्या एका ताईंना नव्या विद्यार्थ्यांसाठी तालांचा कॅरोसेल, म्हणजे इन्स्टाग्रामवर एकामागोमाग सरकवत बघायच्या स्लाइडची मालिका, करायची आहे. मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी मोबाइलवर तो उघडावा, हातावर मात्रा मोजाव्यात आणि पुढच्या वेळी डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात एखादी मैफल ऐकताना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आली ते त्यांना कळावं, एवढीच अपेक्षा. त्यांचा प्रश्न साधा होता: तीनतालाच्या सोळा मात्रांना सोळा स्लाइड करू, की सोळाही मात्रा एकाच स्लाइडवर मांडून पुढच्या स्लाइडवर पुढचा ताल घेऊ? दुसरा प्रश्न त्याच्यामागोमाग येतोच: पहिला ताल कुठला?

जागेचा प्रश्न आता उरलेला नाही. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये एका कॅरोसेलची मर्यादा दहा स्लाइडवरून वीसवर नेली. त्याआधी तीनताल मात्रेमात्रेने दाखवणं शक्यच नव्हतं. आता मुखपृष्ठ धरूनही सोळा मात्रा आरामात बसतात. म्हणून निवड करायची ती शिकणाऱ्याचा हात आणि कान बघूनच.

आधी हाताचं बघू. ताल मोजताना पहिल्या मात्रेवर टाळी पडते, मग अंगठा करंगळीला, अनामिकेला आणि मधल्या बोटाला टेकतो. झाल्या चार मात्रा. पुढच्या विभागाला पुन्हा टाळी, किंवा तो ‘खाली’चा, म्हणजे टाळी न देण्याचा, असेल तर हात उताणा करून बाजूला. यात दोन्ही हात गुंतलेले असतात. एका स्लाइडवर एक मात्रा ठेवली, तर प्रत्येक मात्रेला पडदा सरकवायलाही बोट लागणार, म्हणजे ज्या हाताने मोजायचं तोच हात मोबाइलवर अडकणार. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत एका सेकंदाला एकदा सरकवणं जमेलही, पण ते सरकवणं एकसारखं होत नाही. कधी पडदा थोडा उशिरा हलतो, कधी बोट घसरतं, आणि शिकणारा लयीऐवजी पडद्याच्या मागे जातो.

याहून मोठी अडचण सोळाव्या स्लाइडवर येते. ताल हे आवर्तन आहे. सोळाव्या मात्रेनंतर लगेच, तेवढ्याच अंतराने, पहिली मात्रा आली पाहिजे. कॅरोसेल मात्र तिथे संपतो. परत समेवर यायचं तर पंधरा स्लाइड उलट्या सरकवाव्या लागतात. म्हणजे जो क्षण मुलाला सगळ्यात जास्त वेळा अनुभवायला हवा, शेवटच्या मात्रेवरून समेवर पाऊल टाकण्याचा, तोच या मांडणीत नाही. त्याला एक ते सोळा ही रांग पाठ होते, आवर्तन होत नाही. हे तपासायला सोपं आहे. अशा मुलाला नवव्या मात्रेपासून सुरू करून पुन्हा नऊवर ये म्हणा. रांग पाठ असलेला सोळाला पोचून थांबतो आणि तुमच्या तोंडाकडे बघतो.

मग एक मात्रा, एक स्लाइड ही कल्पना टाकूनच द्यायची का? नाही. वर्गात मोठ्या पडद्यावर स्लाइड शिक्षक स्वतः बदलत असतील, तर विद्यार्थ्यांचे हात मोकळे राहतात आणि शिक्षक सोळानंतर पहिल्या स्लाइडवर उडी मारू शकतो. सहा-सात वर्षांच्या मुलांना ‘धा’ म्हणजे दोन्ही हात, ‘ता’ म्हणजे फक्त उजवा, हे चित्रासकट दाखवायचं असेल तेव्हाही एकेक स्लाइड चांगली. पण ती बोलांची ओळख झाली. मात्रा मोजायला घरी एकट्याने बसणाऱ्यासाठी मी अख्खा ताल एका स्थिर स्लाइडवर ठेवण्याच्या बाजूचा आहे. सोबत ठेक्याचं ध्वनिमुद्रण पाठवायचं. चित्र स्थिर, आवाज फिरत राहणारा.

मधला एक पर्याय काही जण सुचवतात: एका स्लाइडवर एक विभाग. तीनतालाला चार स्लाइड, मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत दर तीन सेकंदांनी एकदा सरकवायचं. हाताला सोसवेल, पण यात एक फार मोलाची गोष्ट हातची जाते. ती कुठली, ते तीनतालाची स्लाइड प्रत्यक्ष मांडली की दिसतं.

उभी स्लाइड घ्या, १०८० बाय १३५० ची. चार ओळी, प्रत्येक ओळीत चार घरं. बोल मोठा, मात्रेचा आकडा वर बारीक. डाव्या समासात हाताची खूण.

सम: धा धिं धिं धा
टाळी: धा धिं धिं धा
खाली: धा तिं तिं ता
टाळी: ता धिं धिं धा

टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्यावर. हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. आता डोळा आडवा न फिरवता उभा खाली आणा. दुसऱ्या घरात धिं, धिं, तिं, धिं. तिसऱ्या घरातही तसंच. पहिल्या घरात धा, धा, धा, ता. शेवटच्यात धा, धा, ता, धा. डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याचा, घुमारा कुठे नाही ते एका नजरेत कळतं: दहा, अकरा, बारा आणि तेरा या चार मात्रांवर. विभाग वेगवेगळ्या स्लाइडवर गेले की ही उभी तुलना नाहीशी होते. एकाच आडव्या रेषेत सोळा बोल लिहिले तरी तेच होतं, शिवाय अक्षरं इतकी लहान होतात की आजीआजोबांना वाचताच येत नाहीत.

या चार मात्रांपाशी मी जरा थांबणार आहे, कारण नवशिक्यांची सगळ्यात जास्त गाडी इथेच घसरते. हात सांगतो की खाली नवव्या मात्रेला आहे. कान मात्र नवव्या मात्रेला ‘धा’ ऐकतो, भरलेला, घुमारा असलेला. डग्गा गप्प होतो तो दहाव्या मात्रेपासून, आणि गप्प राहतो तेराव्या मात्रेपर्यंत, जिथे हात पुन्हा टाळी देतो. म्हणजे हाताची खाली नऊ ते बारा, कानाची खाली दहा ते तेरा. एका मात्रेचा हा सरक कोणी सांगितला नाही, तर ऐकून मोजणारा दहाव्या मात्रेला खाली धरतो, तिथून चार मोजतो आणि समेवर एक मात्रा उशिरा येतो. त्याला वाटतं तबलजी घाई करतोय.

उलट हा सरक ओळखीचा झाला, की तोच कामाला येतो. चौदाव्या मात्रेला ‘धिं’बरोबर डग्गा परत बोलू लागतो, आणि तिथून चौथी मात्रा म्हणजे सम. गर्दीच्या मैफलीत, बोलणं चालू असताना, आकडा हरवला तरी ही खूण हाती राहते: घुमारा परतला, आता धिं, धिं, धा आणि सम. म्हणून स्लाइडवर दहा ते तेरा या चार घरांना वेगळा फिका रंग द्या. विभागाच्या ओळीला रंग देऊ नका, बोलांच्या घरांना द्या. रंगाची पट्टी तिसऱ्या ओळीतून चौथ्या ओळीच्या पहिल्या घरात उतरलेली दिसली पाहिजे.

आणखी एक घर या स्लाइडला हवं. सोळाव्या ‘धा’च्या पुढे, पुसटशा रेषेत, पुन्हा एक ‘धा’ आणि त्यावर आकडा सतरा नव्हे, एक. नवशिका ओळ संपली की श्वास घेतो, जसा आपण वाक्याच्या शेवटी घेतो. त्यामुळे सोळा आणि एक यांच्यात बारीकशी फट पडते. हे घर त्याला सांगतं की सोळावर थांबायचं नाही, एकवर येऊन टेकायचं. फट पडते की नाही हे मोबाइलवर स्वतःचं मोजणं ध्वनिमुद्रित करून, मागे मेट्रोनोम लावून लगेच कळतं: समेची टाळी टिकटिकच्या मागे पडत असेल, तर फट आहे.

तोंडाने मोजताना मराठीची एक गंमत आड येते, ती मला कुठल्याही मांडणीच्या वादापेक्षा महत्त्वाची वाटते. एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ हे सगळे एका झटक्यात म्हणून होतात; पहिल्या आठांत फक्त ‘सहा’ जरा लांब. नऊपासून मात्र प्रत्येक आकड्याला दोन झटके लागतात: नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा. म्हणजे तीनतालाचा पूर्वार्ध जिभेला हलका आणि उत्तरार्ध जड. लय मिनिटाला १२० च्या पुढे गेली की नऊनंतर मोजणारा रेंगाळतो, आणि नेमका तिथेच खालीचा गोंधळ असतो. यावर दोन उपाय. एक म्हणजे प्रत्येक विभागात एक-दोन-तीन-चार असंच म्हणायचं आणि विभाग हाताने ओळखायचा. दुसरा, आणि मला जास्त पसंत असलेला, आकडे सोडून बोलच म्हणायचे. धा धिं धिं धा म्हणताना जीभ अडत नाही आणि डग्ग्याचं जाणं-येणंही तोंडातच राहतं. म्हणून घरात बोल मोठा आणि आकडा बारीक. बऱ्याच स्लाइड याच्या उलट करतात.

आता दुसरा प्रश्न, पहिला ताल कुठला. ताईंच्या मनात दादरा, केरवा, तीनताल आणि झपताल असे चार होते.

केरव्याचा मोह विदर्भात होणारच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांमुळे इथल्या माणसाच्या हाताला आठाची चाल आपोआप येते. पण स्लाइडसाठी पहिला म्हणून केरवा मला अडचणीचा वाटतो. पुस्तकातला ठेका धा गे ना ती, ना के धी ना असा आहे, पहिल्या मात्रेवर टाळी, पाचव्यावर खाली. प्रत्यक्षात भजनात ढोलकीवाला किंवा तबलजी हा ठेका असाच्या असा क्वचितच धरतो. चालीप्रमाणे, वजनाप्रमाणे तो बदलत जातो. मुलगा स्लाइडवर एक बघतो, संध्याकाळी भजनात दुसरंच ऐकतो. शिवाय भजनात कुणी पाचव्या मात्रेला हात उताणा करत नाही, सगळे टाळीच देतात. केरवा हाताला आधीच येतो. त्याची स्लाइड नंतर दिली तरी चालेल.

दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन विभाग: धा धी ना, धा ती ना. खाली चौथ्या मात्रेवर. लहान असल्याने मिनिटाला ८० च्या लयीत एक आवर्तन साडेचार सेकंदांत होतं, म्हणजे एका मिनिटात तेराहून जास्त वेळा समेवर यायची संधी. तीनतालात तेवढ्याच लयीत पाच वेळाच. सोळा आणि एक यांच्यातली जी फट मी वर सांगितली, ती बुजवायला दादऱ्यासारखा सराव नाही. आणि त्यातही तीनतालासारखाच छोटा सरक आहे: चौथ्या मात्रेला हात खाली दाखवतो, पण बोल ‘धा’ आहे, डग्गा पाचव्याला गप्प होतो. काही जण चौथ्या मात्रेला ‘ता’ लिहितात. तिथे हा सरक उरत नाही. कुठलाही ठेका घ्या, पण स्लाइडवर एक आणि ध्वनिमुद्रणात दुसरा असं होऊ देऊ नका.

झपताल बहुतेक ठिकाणी तिसरा-चौथा शिकवतात, कारण त्याचे विभाग असमान आहेत, दोन-तीन-दोन-तीन:

सम: धी ना
टाळी: धी धी ना
खाली: ती ना
टाळी: धी धी ना

टाळ्या एक, तीन आणि आठवर, खाली सहावर. विभाग वाकडे असले तरी कानाच्या दृष्टीने याच्याइतका प्रामाणिक ताल या चारांत नाही. सहाव्या मात्रेला हात उताणा होतो आणि त्याच मात्रेला ‘ती’ येतो, डग्गा नाही. आठव्या मात्रेला टाळी, आणि त्याच मात्रेला डग्गा परत. हाताची खाली आणि कानाची खाली एकाच ठिकाणी. ज्याला ‘खाली’ म्हणजे काय हेच समजलेलं नाही, त्याला तीनतालावर दहादा समजावण्यापेक्षा झपताल पाच मिनिटं ऐकवावा. अडचण एकच, बोटांची: दोनाच्या विभागात टाळी आणि करंगळी, तिनाच्या विभागात टाळी, करंगळी, अनामिका. सुरुवातीला तिनाच्या विभागात अनामिका राहून जाते आणि दहाचे नऊ किंवा आठ होतात. हे ऐकून नाही, बोटांकडे बघूनच पकडता येतं.

मग तीनताल कुठे? तो मुख्य स्लाइड असावा, कारण ख्यालाच्या मध्यलयीच्या बंदिशीत आणि सतारीच्या गतीत तोच सर्वांत जास्त कानावर पडतो, आणि तबलजी ठेका साधारण पुस्तकाप्रमाणेच धरतो. जे स्लाइडवर वाचलं ते सभागृहात ऐकू येईल याची खात्री तीनतालात सर्वांत जास्त आहे. म्हणून मी ताईंना क्रम असा सुचवला: आधी दादरा, समेवर परतायची सवय लागावी म्हणून, मग झपताल, खाली ऐकू यावी म्हणून, मग तीनताल, त्यातला सरक रंगाने दाखवून, आणि शेवटी केरवा, हाताला येतच असलेली गोष्ट मात्रांत बसवून. तबला शिकणाऱ्या मुलासाठी हा क्रम मी देणार नाही. त्याने तीनतालापासूनच सुरुवात करावी, कारण त्याचे सुरुवातीचे कायदे, म्हणजे सरावाच्या बोलरचना, तीनतालातच असतात. पण गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या नवशिक्याला माझा क्रम जास्त सोयीचा पडेल.

रूपक आणि एकताल या पहिल्या कॅरोसेलमध्ये नकोत. रूपकात समच खालीची आहे: ती ती ना, धी ना, धी ना. हाताची आणि कानाची खाली इथेही जुळते, पण ‘समेवर टाळी’ हे नुकतंच शिकलेल्याला पहिल्याच मात्रेवर हात उताणा करायला सांगितलं की त्याचा पाया हलतो. दादरा आणि तीनताल पक्के झाल्यावर रूपक एका दिवसात कळतो. एकतालात दोन-दोन मात्रांचे सहा विभाग आणि दोन खाल्या आहेत, आणि विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीच्या, एकतालात एक मात्रा चार सेकंदांहूनही लांब जाऊ शकते. तिथे बोटांवर मोजणं नवशिक्याच्या हाताबाहेरचं आहे.

शेवटचा मुद्दा खुणांचा, कारण स्लाइड छापील पुस्तकाशी ताडून बघितल्या जातात, विशेषतः गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांकडून. ताल लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत तीनतालाच्या खुणा ×, २, ०, ३ अशा येतात: समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना क्रमांक. पलुस्कर पद्धतीत त्याच ठिकाणी १, ५, +, १३ येतात: समेला एक, खालीला अधिक, टाळ्यांना मात्रेचा आकडा. भातखंड्यांची फुली आणि पलुस्करांचं अधिक लहान पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात आणि अर्थ अगदी उलटे, एक सम, दुसरी खाली. दोन पुस्तकांतून दोन ताल उचलून केलेल्या स्लाइडमध्ये ही सरमिसळ मी पाहिली आहे, आणि त्यावरून मोजणारी मुलं खालीला टाळी देत होती.

भातखंडे पद्धत पूर्ण वापरली तर दुसरी अडचण: पाचव्या मात्रेच्या घरावर बारीक ५ आणि समासात २, म्हणजे एकाच जागी दोन आकडे. म्हणून समासात समेला × आणि खालीला ० ठेवा, बाकीच्या टाळ्यांना आकडा न देता नुसता तळव्याचा आकार काढा. परीक्षेला बसणाऱ्यांसाठी शेवटी एक जादा स्लाइड द्या, तीनताल दोन्ही पद्धतींत शेजारी शेजारी लिहिलेली, आणि तिच्यावर ठळक लिहा की ही लिहिण्यासाठी आहे, मोजण्यासाठी नाही. चार तालांच्या चार, परीक्षेची एक आणि मुखपृष्ठ, अशा सहा स्लाइड होतात. ध्वनिमुद्रण प्रत्येक तालाचं वेगळं द्या, सुरुवातीला मिनिटाला ८० मात्रांचं, निदान दोन मिनिटांचं, म्हणजे तीनतालातही दहा वेळा समेवर येता येईल.